उचलीची कुलूपबंद फाइल : शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं प्रकरण

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान, मालकी एकट्याची. मालक, ज्यांना घरातले आणि बाजारातलेही आबाच म्हणत, 20 नोव्हेंबरला अचानक वारले. गुऱ्हाळं नुकतीच जोरात सुरू झालेली. आठवड्याभरात मोठा मुलगा आणि दुकानाचे दिवाणजी एक पेनड्राइव्ह घेऊन लक्ष्मीपुरीतल्या कर सल्लागाराच्या कार्यालयात आले. त्यात चार फाइली होत्या आणि त्यांतली एक उघडल्याशिवाय दुकान पुढं चालणार नाही, असं दोघांचंही म्हणणं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे समजण्यापुरते ठेवले आहेत.)

ती फाइल उचलीची. गुऱ्हाळमालकाला हंगामाआधी पैशांची गरज असते. काहिलीची दुरुस्ती, मजुरांची आगाऊ रक्कम, उसाचं बयाणं. अडत्या ते पैसे देतो, यालाच उचल म्हणतात. पुढं त्याच गुऱ्हाळाच्या गुळाचे रवे बाजारात आले, सौदा झाला, की अडत्या हिशेबपट्टीतून थोडी थोडी उचल वळती करून घेतो. म्हणजे कुणाकडं किती उचल राहिली हे माहीत नसेल, तर पट्टी करताना कापायचं किती हेच कळत नाही. हंगाम संपला, गुऱ्हाळ बंद पडलं, की कापायला पट्टीच उरत नाही. तेव्हा मुलाची घाई खोटी नव्हती.

चार फाइली, तीन प्रकारची कुलपं

पहिलं काम म्हणजे कुलूप कोणत्या जातीचं आहे ते ओळखणं. सरसकट ‘फाइल लॉक आहे’ म्हणून चालत नाही, कारण काही फाइली वाचायला मुळात कुणी अडवलेलंच नसतं.

`dar_yadi.xlsx` ही दरांची यादी. ती उघडताना एक्सेलनं पासवर्ड मागितला, पण त्याच खिडकीत `Read Only` असं बटणही दिलं. हा फक्त बदल करण्यावरचा पासवर्ड. वाचायची मोकळीक ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ठेवलेली असते, त्यामुळं ते बटण दाबणं म्हणजे पळवाट नव्हे. यादी उघडली, वाचली, तशीच बंद केली.

`kararpatra.pdf` हा गोदामाचा लीव्ह अँड लायसन्स करार. तो न विचारता उघडला, पण छापता येईना. अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Security` हा भाग पाहिला की कारण दिसतं: `Printing: Not Allowed`. पीडीएफला दोन वेगळे पासवर्ड लागू शकतात, एक उघडण्याचा आणि दुसरा छपाई, नक्कल, बदल यांच्या परवानग्यांचा. इथं दुसराच लावलेला होता. असं बंधन पाळणं हे बरंचसं वाचक प्रोग्रॅमच्या हातात असतं, म्हणून ते काढून देणारी साधनं बाजारात ढिगानं मिळतात. कार्यालयानं त्यांतलं काहीच वापरलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. महाराष्ट्रात असा करार नोंदवलेला असावाच लागतो, तेव्हा त्याची प्रत दुय्यम निबंधकांकडून मागवता येते. गोदामाच्या मालकानं तर दुसऱ्या दिवशी स्वतःकडची सहीची प्रतच आणून दिली.

उरल्या दोन. `statement_oct.pdf` हा बँकेच्या मेलमधून उतरवलेला खातेउतारा आणि `uchal_2025.xlsx` ही ती उचलीची फाइल. या दोन्ही उघडतानाच पासवर्ड मागत होत्या आणि रद्द केलं तर बंद होत होत्या. इथं आतला मजकूरच सांकेतिक केलेला असतो. पासवर्डशिवाय फाइलमध्ये वाचण्यासारखं काही नसतंच, नुसता बाइटांचा गाळ.

अशी एक्सेल फाइल ‘कंपनीला कळवलं तर उघडून देतील’ असं दिवाणजींना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं नाही. पासवर्ड मायक्रोसॉफ्टकडं जातच नाही. एक्सेल 2013 पासून पुढं, टाइप केलेल्या पासवर्डावर 1 लाख वेळा तीच गणिती क्रिया फिरवून त्यातून किल्ली तयार होते आणि त्या किल्लीनं मजकूर 256 बिटांच्या एईएस पद्धतीनं बांधला जातो. मुद्दाम मंद केलेली ही व्यवस्था आहे, म्हणजे एकेक पासवर्ड घालून पाहणाऱ्याचा वेळ जावा. ज्या संस्थेत माहिती-तंत्रज्ञान विभागानं आधीच स्वतःची राखीव किल्ली सगळ्या संगणकांवर बसवलेली असते, तिथं तो विभाग कुलूप बदलून देऊ शकतो. पण तेही त्यानंतर तयार झालेल्या फाइलींपुरतं. अडत दुकानातल्या एका संगणकावर असलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता.

“नुसतं शेवटचं साल बदलायचं की हो”

बँकेच्या उताऱ्याचं प्रकरण वरवर सोपं होतं. बँका मेलमध्येच लिहितात की पासवर्ड म्हणजे नावाची पहिली काही अक्षरं आणि जन्मतारखेचा अमुक भाग. आबांचं नाव, जन्मतारीख, पॅन, सगळं सल्लागाराच्या फायलीत वर्षानुवर्षं होतं. पहिल्याच प्रयत्नात उतारा उघडला असता. आबा हयात असताना ते असे उतारे स्वतः पाठवून “उघडून घ्या” म्हणत, तेव्हा कार्यालय उघडतही असे.

मग आता काय बदललं? सल्लागाराला मिळालेला अधिकार आबांनी दिलेला होता. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मालक वारला की त्याच्या वतीनं काम करण्याचा अधिकार तिथंच संपतो. कार्यालयाच्या कपाटात जन्मतारीख उरली, ती वापरण्याची परवानगी उरली नाही. बँकेनं ते सूत्र खातेदाराला सांगितलेलं असतं. ज्याच्याजवळ त्याची जन्मतारीख असेल अशा प्रत्येकाला उद्देशून ते लिहिलेलं नसतं. कोल्हापुरात कुणाची जन्मतारीख शोधायला फार लांब जावं लागत नाही, वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत लागतात. कुलूप इतकं तकलादू असतं हे खरंच आहे. पण तकलादू कुलूप म्हणजे उघडं दार, असा हिशेब कुणी स्वतःच्या दुकानाच्या शटरला लावत नाही.

उचलीच्या फाइलचा पेच अधिक नाजूक होता. पहिल्या भेटीत दिवाणजींनी सांगितलं की आबांनी त्यांना या फाइलचा पासवर्ड दिलेला होता. रोजच्या नोंदी तेच करत. मोठ्या मुलासमोर त्यांनी तो घातला आणि एक्सेलनं नेहमीचं वाक्य दाखवलं: `The password you supplied is not correct.` कॅप्स लॉक पाहिलं. कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का तेही पाहिलं, कारण पासवर्डाच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपकेच दिसतात आणि देवनागरी टाइप होत असलं तरी कळत नाही. नोटपॅडमध्ये टाइप करून अक्षरं नीट येतात ना याची खात्री केली. पुन्हा घातला. पुन्हा तेच वाक्य.

तेव्हा दिवाणजींना आठवलं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन झालं, त्यानंतर आबांनी नवी फाइल केली होती आणि “पासवर्ड बदललाय, सांगतो नंतर” असं म्हणाले होते. सांगायचं राहून गेलं.

इथपर्यंत जे झालं त्यात वावगं काही नव्हतं. दिवाणजींना जो पासवर्ड विश्वासानं दिला होता तो त्यांनी वारसासमोर वापरून पाहिला. पण पुढच्या क्षणी मोठा मुलगा म्हणाला, “जुन्याच्या शेवटी साल होतं न्हवं? मग नुसतं शेवटचं साल बदलायचं की हो. आबा दुसरं काय करणार?” धाकट्या मुलानं पुण्याहून फोनवर गाडीचा नंबर सुचवला. बहुतेक त्यांतलं एक काही लागलंही असतं.

सल्लागारानं तिथं हात आखडता घेतला, आणि आमच्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हाच. जुना पासवर्ड घालणं आणि साल बदलून घालणं यांत टाइप करायला एका अंकाचा फरक आहे. पण पहिल्यात दिवाणजी आबांनी दिलेली गोष्ट वापरत होते. दुसऱ्यात ते आबांनी न दिलेली गोष्ट हुडकत होते. आबांनी पासवर्ड बदलला आणि दिवाणजींना सांगितला नाही, हीच या फाइलबद्दलची त्यांची शेवटची कृती होती. विसरले असतील, मुद्दाम थांबले असतील. नव्या फाइलमध्ये दिवाणजींना दाखवायचं नाही असं काही असेल, एखाद्या वारसाला दिलेली रक्कम असेल. बाहेरून बघणाऱ्याला यांतलं खरं काय ते ठरवता येत नाही, आणि अंदाज लागून फाइल उघडली तर मात्र ते न ठरवताच ठरून जातं.

आणखी दोन गोष्टी सल्लागारानं मुलांना समजावल्या. बँकेच्या संकेतस्थळावर चुकीचा पासवर्ड काही वेळा घातला की खातं अडकतं. फाइलला अशी गणती नसते. ती शंभरदा चुकलं तरी तितक्याच शांतपणे पुन्हा विचारते. म्हणून फाइलवर अंदाज लावत बसणं निरुपद्रवी वाटू लागतं, आणि ‘एकच करून पाहू’ची रात्र होते.

दुसरी गोष्ट त्याहून वजनदार. अंदाज लागला तर हातात एक फाइल येत नाही, माणसाची पासवर्ड ठेवण्याची रीत येते. शेवटी साल लावणारा माणूस मेलला, नेटबँकिंगला, कदाचित मोबाईललाही तशीच रीत लावत असतो. त्या खोलीत बसलेल्या तिघांना आणि फोनवरच्या धाकट्याला, अशा चौघांना ती एकाच वेळी कळली असती. पुढं खात्यातून एखादी रक्कम हलली, तर संशय चौघांवरही आला असता आणि एकालाही तो झटकता आला नसता. या दिवसांत आबांचा मोबाईल चालूच होता, ओटीपी येत होते. मोठ्या मुलाच्या मनात नेटबँकिंगनं मजुरांचे पैसे भागवावेत असं आलंही होतं. मृत माणसाच्या नावानं ओटीपी घालून व्यवहार करणं ही फाइल उघडण्यापेक्षा कितीतरी मोठी चूक. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपला हेतू प्रामाणिक होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा बँकेला त्याच दिवशी मृत्यूची खबर देणं बरं. ती तशी दिली गेली.

फाइल एकाची की चौघांची

“आम्ही वारस आहोत, फाइल आमचीच,” हा मुलांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण वारस चार होते: आबांच्या पत्नी, दोन मुलगे आणि इचलकरंजीला दिलेली मुलगी. मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा हिस्सा सारखा. मुलीला तर पेनड्राइव्हची बातमीच नव्हती. एका वारसानं दुकानाच्या नोकरासमोर फाइल फोडणं आणि बाकीच्यांनी नंतर ऐकणं, यातून हिशेबापेक्षा भांडण आधी उघडतं.

त्यात पुराव्याची अडचण. कुलूप काढून साठवलेली फाइल ही मूळ फाइल राहत नाही. बाइटांच्या पातळीवर ती दुसरीच होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबतच्या प्रमाणपत्रात तिचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा. एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा बदलतो. समजा एखादा गुऱ्हाळमालक म्हणाला, “माझ्या नावावर तीन लाख नव्हतेच, तुम्ही उघडल्यावर घातले,” तर फोडलेल्या फाइलच्या जिवावर त्याला उत्तर देता येत नाही.

फुकटात कुलूप काढून देणारी संकेतस्थळंही कुणीतरी सुचवली. तिथं फाइल आधी त्यांच्या सर्व्हरवर चढवावी लागते. उचलीच्या यादीत गुऱ्हाळमालकांची नावं, मोबाईल, बँक खात्यांचे क्रमांक असतात. ते लोक या घराचे वारस नाहीत, ग्राहक आहेत. त्यांची माहिती परक्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचा अधिकार चारही वारसांनी मिळून सही केली तरी तयार होत नाही.

म्हणून फाइलशी फक्त एकच काम करण्यात आलं. चौघे वारस एकत्र आले त्या दिवशी, पेनड्राइव्हवरच्या फाइलचा ठसा काढला:

```
certutil -hashfile uchal_2025.xlsx SHA256
```

विंडोजमध्ये ही आज्ञा तशीच चालते आणि 64 चिन्हांची ओळ देते. फाइल न उघडताच ठसा निघतो, त्यामुळं पासवर्ड लागत नाही. ती ओळ, फाइलचं नाव आणि तारीख कागदावर छापली, चौघांनी सह्या केल्या आणि पेनड्राइव्ह कागदासह लखोट्यात बंद केला. दुकानातल्या संगणकावरची मूळ फाइल होती तशी ठेवली, आणि तिचाही ठसा तोच आला याची नोंद केली.

माहिती दुसरीकडून

आता सल्लागारानं प्रश्न उलटा मांडला. फाइलमध्ये काय आहे हे विचारायच्या ऐवजी आपल्याला नेमकं काय हवं आहे? उत्तर एका ओळीचं होतं: 20 नोव्हेंबरला प्रत्येक गुऱ्हाळमालकाकडं किती उचल येणं होती. हा आकडा एक्सेलमध्ये जन्मला नव्हता. तो चार ठिकाणच्या व्यवहारांतून तिथं गोळा झाला होता, आणि ती चारही ठिकाणं शाबूत होती.

पहिलं ठिकाण सल्लागाराचंच कपाट. 31 मार्चच्या ताळेबंदासाठी आबांनी स्वतः येणेकऱ्यांची यादी छापून, सही करून दिली होती. नऊ गुऱ्हाळमालकांकडं मिळून 6,40,000 रुपये. ही यादी कार्यालयाला ज्या कामासाठी दिली होती त्याच कामासाठी ती पुन्हा पाहिली गेली.

दुसरं ठिकाण बँक. आबांची दोन खाती होती. बचत खात्याला पत्नीचं नामनिर्देशन होतं, दुकानाच्या चालू खात्याला नव्हतं. बचत खात्यासाठी पत्नीनं मृत्यू दाखला आणि स्वतःच्या ओळखीचे कागद लावून अर्ज केला. असे दावे कागद पूर्ण असतील तर 15 दिवसांत निकाली काढायचे असतात, त्यामुळं अर्जाची पोच तारखेसह घेणं विसरायचं नाही. एक गैरसमज मात्र इथं हमखास होतो. नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते ते बाकीच्या वारसांच्या वतीनं सांभाळायला, ती एकटी मालक होत नाही. चालू खात्यासाठी चौघांचा मिळून अर्ज गेला. त्यात रकमेची मागणी आणि खातेउताऱ्याची मागणी वेगवेगळी लिहिली, कारण रकमेला वारसाचे आणि हमीचे कागद लागतात आणि दोन्ही एकत्र मागितलं तर ते जमेपर्यंत उताराही अडकून राहतो. बँकेनं 1 एप्रिल ते 20 नोव्हेंबरचे उतारे छापून, शिक्का मारून दिले. म्हणजे पेनड्राइव्हवरच्या कुलूपबंद पीडीएफमध्ये जो मजकूर होता तोच, फक्त देणाऱ्याच्या हातून आणि अधिक मोलाचा. शिक्क्याचा उतारा पुढं न्यायालयातही चालतो.

त्या उताऱ्यात गुऱ्हाळमालकांच्या नावानं गेलेल्या रकमा होत्या: चौदा जणांना मिळून 19,75,000 रुपये. पूर्वीचे नऊ त्या चौदांतलेच.

तिसरं ठिकाण हिशेबपट्ट्यांची स्थळप्रत. प्रत्येक पट्टीवर रव्यांची संख्या, वजन, दर, हमाली-तोलाई आणि शेवटी ‘उचल वजा’ असा रकाना असतो. दिवाणजींनी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पट्ट्या नावावार लावल्या. वळती केलेली उचल 8,30,000 रुपये निघाली. शंका आली तिथं बाजार समितीतल्या सौद्याच्या नोंदीशी वजन पडताळता येतं, तसं दोन पट्ट्यांबाबत करावंही लागलं.

बेरीज-वजाबाकी शाळेतली: 6,40,000 मध्ये 19,75,000 मिळवले, 8,30,000 वजा केले. 17,85,000 रुपये येणं.

चौथं ठिकाण खुद्द गुऱ्हाळमालक. प्रत्येकाला त्याच्या नावाचा हिशेब आणि खाली ‘वरील शिल्लक मान्य / अमान्य’ असा मजकूर असलेलं पत्र दिलं. पोस्टानं पाठवण्यापेक्षा दिवाणजी मोटारसायकलवरून करवीर आणि पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळांवर स्वतः गेले. हंगामात मालक काहिलीपाशीच सापडतो. चौदांपैकी अकरांनी जागेवर सही केली.

उरलेले तिघे मात्र बारकाईनं पाहण्यासारखे आहेत. एक म्हणाला, 25,000 यूपीआयनं परत केले. चालू खात्यात ते दिसेनात, बचत खात्यात सापडले. दुसऱ्यानं 15,000 रोख दिल्याचं सांगितलं. दिवाणजींच्या रोजकीर्दीत त्याच दिवसाची जमा निघाली. तिसऱ्यानं उलट स्वतःहून सांगितलं की दिवाळीत आबांकडून 18,000 रोख घेतले होते. त्याचा कुठंच कागद नव्हता. असेल तर त्या कुलूपबंद फाइलमध्येच. 17,85,000 मधून 25,000 आणि 15,000 वजा, 18,000 मिळवले: 17,63,000 रुपये.

या पद्धतीची मर्यादाही याच तिसऱ्या माणसात दिसते. रोख दिलेलं, पट्टीत न आलेलं आणि घेणाऱ्यानं न सांगितलेलं असं काही असेल, तर ते या हिशेबात येणार नाही. तेवढं नुकसान वारसांनी धरून चालायचं. पण त्याची दुसरी बाजू मुलांना आधी माहीत नव्हती. स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये दुसऱ्याच्या नावावर मांडलेली रक्कम, एवढ्यानं एकट्यानं त्याला देणेकरी ठरवता येत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 28 मध्ये ते स्पष्ट आहे. गुऱ्हाळमालकाच्या सहीचं शिल्लक मान्यता पत्र मात्र त्याची स्वतःची कबुली असते, आणि मुदतीच्या आत घेतली तर मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे वसुलीची 3 वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजली जातात. फाइल पहिल्याच दिवशी अंदाजानं उघडली असती तरी ही अकरा-चौदा पत्रं घ्यावीच लागली असती. फक्त तेव्हा ती कुणी घेतली नसती, असं वाटतं.

आयकराचे कागद

आबांच्या नावानं 1 एप्रिल ते 20 नोव्हेंबरचं विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधीनं भरायचं असतं. त्यासाठी मोठ्या मुलानं स्वतःच्या पॅननं पोर्टलवर प्रवेश केला आणि `Register as Representative Assessee` मधून मृत व्यक्तीचा वारस म्हणून अर्ज केला. सोबत आबांचं पॅन, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडला. मंजुरी आल्यावर त्याला त्याच्याच खात्यातून आबांच्या नावाकडं जाता आलं. तिथून उतरवलेलं वार्षिक माहिती विवरणही पासवर्डबंदच असतं: पॅन छोट्या लिपीत आणि लगेच पुढं जन्मतारीख आठ अंकांत. हा पासवर्ड घालताना कुणी थांबलं नाही. अक्षरं बँकेच्या उताऱ्यासारखीच सहज माहीत असलेली, पण इथं विभागानं मुलाला प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली होती आणि कुलपाची रीतही विभागानंच त्याला सांगितली होती. आबांचं जुनं लॉगिन वापरून हेच विवरण महिनाभर आधी मिळालं असतं. ते वापरलं नाही.

इथं कार्यालयाची एक चूकही नोंदवायला हवी. वारसाचा पुरावा म्हणून पहिल्यांदा रेशनकार्ड जोडलं गेलं आणि अर्ज परत आला. दुसऱ्यांदा महसूल कार्यालयाचा हयात कुटुंबीयांचा दाखला जोडला तेव्हा तो मंजूर झाला. तेवढे दिवस नाहक गेले.

लखोट्याचं पुढं

डिसेंबरच्या मध्यापासून हिशेबपट्टीतून उचल पुन्हा वळती होऊ लागली. चौघांच्या सहीनं वेगळं खातं उघडून रक्कम त्यात जमा होते. अकरा जणांची सही होतीच, तिसऱ्याच्या 18,000 वरही त्यानं सही दिली. एका गुऱ्हाळमालकानं जानेवारीत माल दुसऱ्या अडत्याकडं नेला. त्याच्याकडून वसुलीचा दावा करायचा तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 214 प्रमाणे मृताच्या येण्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय हुकूमनामा मिळत नाही. तेव्हा कसबा बावड्यातल्या दिवाणी न्यायालयात चौघांनी मिळून प्रमाणपत्राचा अर्ज केला. येण्यांच्या परिशिष्टात चौदा नावं आणि शिल्लक पत्रांवरचे आकडे आहेत.

धाकट्या मुलानं अर्जात फाइलचाही उल्लेख करा असं सांगितलं, आणि ते योग्यच होतं. तिचं नाव, ठशाची 64 चिन्हं आणि ‘पासवर्ड उपलब्ध नाही, उघडलेली नाही’ एवढं लिहिलं आहे. उद्या एखाद्या वारसाला ती पुराव्यासाठी हवीच झाली, तर दिवाणी दाव्यात न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 10अ खाली तज्ज्ञाची नेमणूक करू शकतं. मग उघडणारा न्यायालयाचा माणूस असेल, सगळ्यांसमोर उघडेल आणि आधीच्या ठशाशी ताडून बघेल. तोवर लखोटा सल्लागाराच्या तिजोरीत आहे, चार सह्यांचा.